सैल भाषा आणि एकेरी सर्वनाम

इंग्रजी कादंबरीतील एखादे पात्र रस्त्यात अनोळखी माणसाला 'गॉट अ लाइट?' असे विचारते. कर्ता गळालेले हे तुटक वाक्य पाहून अनुवादकाचा कल एकेरी संबोधनाकडे झुकतो. आमच्या मते येथे भाषेचा सैलपणा आणि माणसांमधील अंतर या दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते.

प्रौढ फ्रेंच माणूस अनोळखी प्रौढाला सहसा 'व्हू' असेच संबोधील. परंतु 'व्हूझोरिए पा द्यु फ?' या प्रश्नात नकारातील 'न' गाळून तो बोलीचा सैलपणा राखतो. तेथे 'त्यु' घातल्यास, दोघेही तरुण नसतील तर, काडी मागणारा उद्धट भासतो. जर्मनमध्ये हेच काम 'माल' हा लहानसा निपात करतो : 'हाबन झी माल फॉयर?' सर्वनाम आदरार्थीच राहते. (आपल्याकडील 'काय हो' आठवावे, त्यात सलगी आहे, एकेरीपणा नाही.)

स्पॅनिशमध्ये मात्र अनुवाद कोणत्या देशातील वाचकांसाठी आहे, हे आधी ठरवावे लागते. माद्रिदमध्ये अनोळखी तरुणाला 'तू' म्हणणे रूढ आहे. बोगोटात 'उस्तेद' घरच्या माणसांतही चालते, त्यामुळे ते दुरावा दाखवीलच असे नाही.

पुढे पात्रांची ओळख वाढली, की 'झी' सोडून 'दू' कोणत्या वाक्यापासून सुरू करावयाचे, हेही अनुवादकालाच ठरवावे लागते. इंग्रजी 'यू' त्याची कोणतीच खूण देत नाही.