घरात कुणाला फ्लू झालाय: खिडकी उघडायची, प्युरिफायर लावायचा की दोन्ही? आणि फोडणीच्या धुराचं काय?

जानेवारीतली सकाळ. ठाण्यातला किंवा पिंपरीतला एक वन बीएचके फ्लॅट. बेडरूममध्ये फ्लूनं तापलेला मुलगा झोपलाय. बाहेर धुरकट हवा आहे म्हणून आजी खिडकी लावून घेते. 'कोंदट खोलीत आजार वाढतो' म्हणून आई ती पुन्हा उघडते. कोपऱ्यात प्युरिफायर सुरू आहे आणि त्यावर हिरवा दिवा दिसतोय. तेवढ्यात स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी पडते आणि सगळं घर खोकायला लागतं.

आजी आणि आई दोघींचंही म्हणणं बरोबर आहे, पण दोघी वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. खोलीतल्या हवेत एकाच वेळी तीन गोष्टी असतात: पेशंटच्या श्वासातून आणि खोकल्यातून आलेले विषाणू असलेले कण, धुराचे आणि धुळीचे कण, आणि गॅस जळल्यावर तयार होणारे वायू. या तिन्हींवर एकच उपाय सारखा चालत नाही.

बंद हवेत फ्लू किती पसरतो?

याचं सर्वाधिक सांगितलं जाणारं उदाहरण १९७७ सालचं आहे. अमेरिकेतल्या अलास्कामध्ये इंजिनात बिघाड झाल्यानं एक विमान साधारण तीन तास जमिनीवरच थांबलं. आत ५४ जण होते आणि त्यातल्या एका प्रवाशाला फ्लू होता. विमानातली हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद होती. पुढच्या तीन दिवसांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. १९७९ मध्ये या घटनेचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

विमान हे काही घर नव्हे. पण दार-खिडक्या लावून एसी सुरू केलेली बेडरूम बरीचशी तशीच असते. घरातला साधा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो.

प्युरिफायर विषाणू पकडतो का?

हो, फिल्टर खरा 'हेपा' असेल तर. फ्लूचा विषाणू अतिशय लहान असतो, साधारण ०.१ मायक्रॉनचा. पण तो हवेत सुटा फिरत नाही. थुंकीच्या आणि श्लेष्माच्या सूक्ष्म थेंबांमधून तो बाहेर पडतो आणि असे थेंब हेपा फिल्टरमध्ये अडकतात.

प्रश्न फिल्टरचा कमी आणि वेगाचा जास्त आहे. मशीनच्या खोक्यावर 'सीएडीआर' नावाचा आकडा असतो. मशीन तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं, ते त्यावरून कळतं. या आकड्याला खोलीच्या आकारमानानं भागलं की खोलीतली हवा तासाला किती वेळा स्वच्छ होते ते समजतं. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेनं २०२३ मध्ये इमारतींसाठी तासाला किमान ५ वेळा हे लक्ष्य सुचवलं होतं.

वरच्या फ्लॅटचंच गणित करू. बेडरूम १० बाय १२ फूट, उंची १० फूट. म्हणजे १,२०० घनफूट किंवा साधारण ३४ घनमीटर. प्युरिफायरचा सीएडीआर २०० असेल तर २०० भागिले ३४, म्हणजे तासाला जवळपास ६ वेळा. लक्ष्य पूर्ण झालं.

पण खोक्यावरचा आकडा सर्वांत जास्त वेगाचा असतो. रात्री आवाज नको म्हणून मशीन 'स्लीप' मोडवर ठेवलं आणि हवा तासाला ५० घनमीटरवर आली, तर ६ चं दीड होतं. पेशंट खोलीतून बाहेर गेल्यावर मागे राहिलेले ९० टक्के कण काढायला पूर्ण वेगावर साधारण २३ मिनिटं लागतात. स्लीप मोडवर त्याच कामाला दीड तास लागतो.

हिरवा दिवा म्हणजे सुरक्षित?

इथेच सर्वाधिक गफलत होते. 'ऑटो' मोडमधल्या मशीनचा सेन्सर धूळ आणि धूर मोजतो. पेशंटच्या श्वासातून येणारे कण संख्येनं इतके कमी असतात की सेन्सरला ते जाणवतच नाहीत. त्यामुळे धूळ कमी झाली की दिवा हिरवा होतो आणि पंखा मंदावतो. विषाणूंचे कण मात्र खोलीत तसेच फिरत असतात.

उलट स्वयंपाकघरात फोडणी पडली की तेच मशीन लाल होऊन जोरात फिरायला लागतं. म्हणून घरात फ्लूचा पेशंट असताना ऑटो मोड बंद करून, झोप मोडणार नाही इतपत जास्तीत जास्त वेग हातानं ठरवणं बरं.

मग खिडकी उघडायची की नाही?

खिडकी विषाणू, धूर आणि वायू हे तिन्ही बाहेर घालवते. हे काम प्युरिफायरला जमत नाही. अडचण एवढीच की खिडकीतून बाहेरची धूळही आत येते. पण 'खिडकी किंवा प्युरिफायर' असा एकच पर्याय निवडायची गरज नसते.

समजा बाहेर पीएम २.५ चं प्रमाण दर घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम आहे. खिडकी बोटभर उघडी ठेवल्यानं खोलीतली हवा तासाला एकदा बदलते असं धरू. प्युरिफायर पूर्ण वेगावर, म्हणजे तासाला ६ वेळा हवा स्वच्छ करतोय. तर आतलं प्रमाण ८० भागिले ७, म्हणजे साधारण ११ वर स्थिरावतं. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा १५ आहे आणि भारताची ६०. म्हणजे थोडी ताजी हवाही मिळाली आणि धूळही आटोक्यात राहिली. मशीन स्लीप मोडवर असेल तर हाच आकडा ३२ पर्यंत जातो.

खिडकी सताड उघडून वारा तासाला १० वेळा हवा बदलत असेल, तर पूर्ण वेगावर मशीन चालवूनही आतली धूळ ५० वर राहते. पण विषाणू बाहेर घालवायचा एकूण वेग १६ होतो, म्हणजे बोटभर फटीच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे औषध द्यायला किंवा अंग पुसायला आत जाण्याआधी १०-१५ मिनिटं खिडकी पूर्ण उघडायची आणि नंतर पुन्हा बोटभर ठेवायची, हा चांगला मधला मार्ग ठरतो. घरात दम्याचा किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल आणि बाहेरची हवा फारच वाईट असेल, तर हा वेळ आणखी कमी करावा.

ही १०-१५ मिनिटं कधीची, हेही महत्त्वाचं आहे. हिवाळ्यात रात्री आणि पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत अडकतो आणि धूर तिथेच साचतो. ऊन चढलं की हवा वर-खाली मिसळते. म्हणून दुपारची हवा बहुतेक वेळा सकाळपेक्षा बरी असते. एक्यूआय बघताना लक्षात ठेवायचं की भारतात पीएम २.५ चा एक्यूआय मागच्या २४ तासांच्या सरासरीवर काढतात. आत्ता खिडकी उघडायची की नाही, हे ठरवायला त्या तासाचा पीएम २.५ चा आकडा जास्त उपयोगी पडतो.

स्वयंपाकाच्या धुराचं काय?

तळण, फोडणी आणि करपलेली भाकरी यांतून निघणारे बारीक कण प्युरिफायर पकडू शकतो. पण गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइडही तयार होतो आणि तो हेपा फिल्टरमधून आरपार जातो. चुलीच्या किंवा शेगडीच्या कार्बन मोनॉक्साइडचंही तसंच. फ्लूमुळे श्वासनलिका आधीच सुजलेली असते. त्यात धूर गेला की खोकला आणि दम वाढतो.

उपाय म्हणून प्युरिफायर ओट्याजवळ नेऊ नये. तेलाच्या वाफेनं फिल्टर लवकर चिकट होतो आणि तेवढा वेळ पेशंटची खोली मशीनविना राहते. धूर काढायचं काम एक्झॉस्ट फॅनचं किंवा बाहेर पाइप काढलेल्या चिमणीचं. बिनपाइपची चिमणी हवा गाळून पुन्हा घरातच सोडते, त्यामुळे वायू आतच राहतात.

एक्झॉस्ट मात्र एका चुकीमुळे उलटा पडू शकतो. तो जेवढी हवा बाहेर टाकतो, तेवढी कुठूनतरी आत येतेच. हॉलच्या खिडक्या बंद असतील तर ती पेशंटच्या खोलीतून, दाराखालच्या फटीतून ओढली जाते आणि हॉलमधून स्वयंपाकघरात येते. म्हणजे फोडणी देणाऱ्यापर्यंत थेट पेशंटची हवा. म्हणून एक्झॉस्ट सुरू करताना हॉलची खिडकी उघडी आणि पेशंटच्या खोलीचं दार बंद हवं.

हवा कुठे जातेय ते एका उदबत्तीनं कळतं. पेशंटच्या खोलीचं दार लावून बाहेरून दाराखालच्या फटीजवळ पेटती उदबत्ती धरायची. धूर खोलीच्या आत ओढला गेला तर दिशा बरोबर आहे. तो हॉलकडे ढकलला जात असेल तर हॉलची खिडकी आणखी उघडायची. खोलीला जोडून बाथरूम असेल तर तिथला एक्झॉस्ट लावायचा आणि पुन्हा बघायचं. मग उदबत्ती विझवायची.

सर्दी-तापात ओव्याची किंवा धुपाची धुरी देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. पण हाही धूरच आहे, त्यानं विषाणू जात नाही आणि खोकला वाढतो. डासांच्या कॉइलचंही तसंच.

एकाच खोलीचं घर असेल तर?

चाळीतल्या खोलीत किंवा चुलीच्या घरात वेगळी बेडरूम नसते आणि प्युरिफायरही नसतो. तिथे समोरासमोरचं दार आणि खिडकी उघडी ठेवणं हाच सर्वांत मोठा उपाय. पेशंटचं अंथरूण खिडकीजवळ आणि चुलीपासून लांब ठेवावं. शक्य असेल तर स्वयंपाकाच्या वेळी त्याला ओसरीवर किंवा गॅलरीत बसवावं. थंडी वाजत असेल तर पांघरूण वाढवावं. खोली बंद करून शेगडी पेटवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत तो जिवावर बेतू शकतो.

या सगळ्यानं काय होत नाही?

खिडकी आणि मशीन खोलीभर पसरलेले कण कमी करतात. हातभर अंतरावर पेशंट खोकला तर ते कण फिल्टरपर्यंत पोहोचायच्या आत समोरच्याच्या नाकात गेलेले असतात. म्हणून जवळ जाताना दोघांनीही मास्क लावणं आणि नंतर हात धुणं टळत नाही. फ्लूचा पेशंट लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून ती दिसल्यावर पाच ते सात दिवसांपर्यंत संसर्ग पसरवू शकतो आणि पहिले तीन-चार दिवस सर्वांत जोखमीचे असतात. खिडकी, मशीन आणि एक्झॉस्टची ही शिस्त निदान तेवढे दिवस तरी पाळायला हवी.

श्वास घ्यायला त्रास, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं किंवा गुंगी ही लक्षणं दिसली तर पेशंटला लगेच रुग्णालयात न्यावं. वयस्कर, गरोदर किंवा दम्याच्या रुग्णांनी मात्र या लक्षणांची वाट बघू नये. फ्लूवरचं विषाणूविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वाधिक उपयोगी ठरतं, म्हणून ताप येताच डॉक्टरांना दाखवावं.