c पाठ करू नका, काढा!

मंडळी, गॅमा डिस्ट्रिब्यूशनचा c तक्त्यातून उचलायची सवय आपल्याला कॉलेजातच लागते. माझं मत विचाराल तर तो हातानेच काढावा, कारण त्याच कष्टात प्रोबॅबिलिटीही पदरात पडते.

समजा, सपोर्टचं एक तिकीट सुटायला x तास लागतात आणि त्याची डेन्सिटी आहे f(x) = c·x·e^(−x/2), x > 0. तर ६ तासांहून जास्त लागण्याची शक्यता किती?

बहुतेक जण शून्यापासून इंटिग्रेट करून c काढतात, आणि मग ६ पासून पुन्हा तीच हमाली. त्यापेक्षा खालची मर्यादा t ठेवा. इंटिग्रेशन बाय पार्ट्स एकदाच:

∫ₜ^∞ x·e^(−x/2) dx = (2t + 4)·e^(−t/2)

t = 0 टाकलं की 4 येतात, म्हणजे c = 1/4. t = 6 टाकलं की 16·e^(−3). त्याला c ने गुणलं की 4·e^(−3), म्हणजे साधारण ०.१९९. पाचातलं एक तिकीट रखडणार!

गंमत म्हणजे c लावायचा राहिला तर ०.७९७ येतं, आणि ते १ पेक्षा कमी असल्याने कुणाला संशयही येत नाही. म्हणून c सकट t = 0 ला बरोबर १ येतंय ना, हे आधी बघा.

x चा घात अपूर्णांकात असेल तर मात्र बाय पार्ट्स करत बसलं तरी x काही जात नाही. तिथे खुशाल कॉम्प्युटरला कामाला लावा.