फुकटाबरोबर कचरा येतोच?

औरंगपुऱ्यात पुस्तकं घ्यायला आलेला स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी असो, विद्यापीठाबाहेर प्रबंध टाइप करून देणारा डीटीपीवाला असो, आपल्या शहरात एक समजूत पक्की आहे. फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं की सोबत टूलबार, नकली ‘क्लीनर’, ब्राउझरचं बदललेलं मुखपृष्ठ हे चिकटून येणारच, तेवढं सोसायचं. ही समजूत मला मान्य नाही. कचरा सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडून क्वचितच येतो. बहुतेक वेळा तो मधल्या माणसाचा असतो आणि मधला माणूस टाळता येतो.

मधला माणूस टाळायला लोक सांगतात तो पहिला बचाव असा, की साइट मोठी आणि जुनी असली म्हणजे झालं. सोर्सफोर्जपेक्षा मोठं आणि जुनं नाव मोफत सॉफ्टवेअरच्या जगात सापडणं अवघड. २०१३ मध्ये त्यांनी इन्स्टॉलरमध्ये जाहिरातींचे प्रोग्राम बांधायला सुरुवात केली. चित्रांवर काम करायच्या ‘गिम्प’चे निर्माते त्याच वर्षी तिथून बाहेर पडले. मे २०१५ मध्ये उघड झालं, की सोर्सफोर्जने गिम्पच्या विंडोज आवृत्तीचं जुनं खातं स्वतःकडे घेतलं आहे आणि त्यावरून जाहिराती बांधलेला इन्स्टॉलर वाटला जातो आहे. २०१६ मध्ये मालक बदलले आणि नव्यांनी ती योजना बंद केली, हेही सांगायला हवं. पण नावाचा मोठेपणा मधल्या तीन वर्षांत कुणाच्या कामी आला?

दुसरा बचाव म्हणजे ‘नेक्स्ट-नेक्स्ट करताना टिक काढली की संपलं’. त्या खिडक्या टिक राहून जावी अशाच रचलेल्या असतात. ‘रेकमेंडेड’ ठळक, ‘कस्टम’ फिकट, आणि नकाराचं बटण तर बंद पडल्यासारखं राखाडी. शिवाय इन्स्टॉलरभोवती असं आवरण आहे हे कळायला एक सोपी खूण आहे. व्हीएलसीचा खरा इन्स्टॉलर सुमारे ४० एमबीचा असतो. हाती एक-दोन एमबीची फाइल आली, तर तो व्हीएलसी नव्हे, नंतर काहीतरी उतरवून घेणारा दलाल आहे. तिथेच थांबावं, टिक शोधत बसू नये; फाइल निर्मात्याच्या मूळ साइटवरून घ्यावी.

यावरचा आक्षेप मात्र वजनदार आहे: मूळ साइटच उघडत नसेल तर? २०२२ मध्ये नेमकं हेच झालं. फेब्रुवारीपासून videolan.org हा व्हीएलसीचा पत्ता भारतात अडवला गेला होता, तो कायदेशीर नोटिशीनंतर नोव्हेंबरमध्ये मोकळा झाला. मधल्या काळात लोक मिळेल तिथून फाइल घेत होते. अशा वेळी पत्त्याहून भक्कम पुरावा लागतो आणि तो फाइलमध्येच असतो. इन्स्टॉलरवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा, ‘डिजिटल सिग्नेचर्स’ पाहा. व्हीएलसीच्या फाइलवर व्हिडिओलॅनचं नाव हवं, आणि ‘डिटेल्स’ दाबल्यावर सही वैध असल्याचं दिसायला हवं. फाइलमध्ये कुणी फेरफार केला तर सही अवैध ठरते. अर्थात सही नाव सांगते, निर्दोषपणाची हमी देत नाही. २०१७ मध्ये सीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्याच सर्व्हरवरून, वैध सहीसकट, विषारी होऊन निघाली होती. पण असा अपवाद आहे म्हणून कुलूपच लावायचं नाही, हा युक्तिवाद होत नाही.

आता आपल्याकडचं रोजचं प्रकरण. मराठी टायपिंगसाठी ‘गुगल इनपुट ऑफलाइन’ शोधणारे अजून असंख्य आहेत. विंडोजसाठीचं ते साधन गुगलने केव्हाच काढून घेतलं. म्हणजे त्या नावाने आज जी फाइल मिळते ती कुणीतरी जपून ठेवलेली जुनी प्रत असते, नाहीतर तिच्याभोवती गुंडाळलेलं काहीतरी. सही गुगलची निघाली तरी आत वर्षानुवर्षं न सुधारलेला प्रोग्रामच आहे. आणि त्याची गरज उरलेलीच नाही! मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये ‘मराठी फोनेटिक’ कळफलक आहे. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा, तिच्या ‘ऑप्शन्स’मधून हा कळफलक घ्या, मग विंडोज आणि स्पेस या कळा एकत्र दाबून इंग्रजी-मराठी बदला. उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं टाइप केली की देवनागरी शब्द सुचवले जातात. जुन्या साधनाची सवय असलेल्यांना सुरुवातीला थोडं अडखळायला होईल, एवढंच.

बाकीच्या सॉफ्टवेअरसाठीही शोधयंत्रात नाव टाकून पहिल्या निकालावर जाऊ नये, कारण ती जागा पुष्कळदा जाहिरातीची असते. विंडोज १० आणि ११ च्या अद्ययावत प्रतींमध्ये विंगेट हे मायक्रोसॉफ्टचं साधन असतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये एक ओळ पुरते:

```
winget install --id VideoLAN.VLC -e
```

उतरलेली फाइल विंगेटच्या नोंदीतल्या ठशाशी जुळते का, हे ते स्वतः तपासतं आणि जुळली नाही तर थांबतं.

म्हणून संगणक फॉरमॅट करून देणाऱ्या दुकानदारांना एक विनंती. पेनड्राइव्हवरचं ‘सगळी सॉफ्टवेअर्स’ हे फोल्डर एकदा उघडा, प्रत्येक इन्स्टॉलरची सही पाहा आणि जिथे सही नाही किंवा नाव भलतंच आहे ती फाइल आजच काढून टाका. गिऱ्हाईक ती तुमच्या भरवशावर घेतं.