'जनाब' लिहिण्यापूर्वी

सोलापूरच्या एका टॉवेल कारखानदार मित्राकडे नाशिकच्या एका रुग्णालयातून पत्र आले. 'प्रदर्शनात आपला माल पाहिला, २०० टॉवेलांचा भाव कळवावा', असा मजकूर आणि खाली सही 'शमीम शेख'. मित्राने लगेच उत्तर धाडले : 'जनाब शमीम शेख साहेब, आपण आमच्या स्टॉलवर आला होतात...' चार दिवसांनी फोन आला, तो एका बाईंचा. त्यांनी हसून घेतले म्हणून निभावले. दुसऱ्या कुणी पत्र बाजूला सारले असते आणि कारण आपल्याला कधी कळलेही नसते.

शमीम, नसीम, मुमताज, इकबाल ही नावे आपल्यात पुरुषांचीही असतात आणि बायकांचीही. 'एन. एम. शेख' अशा आद्याक्षरांवरून तर काहीच उमगत नाही. तरीही आपण सवयीने 'जनाब' किंवा 'श्री.' लिहून मोकळे होतो. 'सौ.' लिहिले तर लग्न गृहीत धरले जाते. 'श्रीमती' हा शब्द पुष्कळ घरांत आजही विधवेसाठीच समजतात. 'महोदय/महोदया' लिहावे, तर पत्राला सरकारी फॉर्मची कळा येते.

खरे पाहता मराठीत याची सोय आहे. नावाआधी 'मा.' आणि नंतर 'यांस' लिहावे. 'मा. शमीम शेख यांस' हे दोघांनाही चालते. नाव ठाऊक नसेल तर हुद्दा घ्यावा : 'मा. व्यवस्थापक, खरेदी विभाग यांस'. त्याखाली 'सप्रेम नमस्कार'. समोरची व्यक्ती मुस्लिम असल्याची खात्री असेल तर 'अस्सलामु अलैकुम' लिहावे. त्यातले 'कुम' अनेकवचनी असले, तरी एका पुरुषाला, एका बाईला किंवा साऱ्या कचेरीला हाच सलाम करण्याचा रिवाज आहे.

मजकुरात 'आपण' वापरावे, पण इथे एक खाच आहे. 'आपण आला होतात' म्हटले की पुरुष ठरला, 'आल्या होतात' म्हटले की बाई. 'आपण भाव विचारला' यात मात्र क्रियापद भावाप्रमाणे चालते, विचारणारा कोण हे उघड होत नाही. म्हणून वाक्य वस्तूवर न्यावे. मित्राचे पत्र असे हवे होते :

'मा. शमीम शेख यांस, सप्रेम नमस्कार. आपले पत्र मिळाले. प्रदर्शनात आपण आमचा माल पाहिला, याचा आनंद वाटला. २०० टॉवेलांचा भाव सोबत जोडला आहे.'

यात ताठरपणा नाही आणि अंदाजही नाही. मात्र ही सोय पहिल्या पत्रापुरती. फोनवर आवाज ऐकला, किंवा त्यांच्या पत्रात 'मी आले होते' असे वाचले, की पुढच्या पत्रात 'शमीमबाई' किंवा 'शेखसाहेब' खुशाल लिहावे. ओळख झाल्यावरही 'मा. यांस' लिहीत राहिलो, तर तोच परकेपणा वाटेल.