कुलूप कोणत्या प्रोफाइलला?

आपल्या घरांत नवा टीव्ही आला की तो सुरू करून देण्याचे काम विशी-पंचविशीतल्या मुलामुलींवर येते. अकाउंट आपण उघडतो, पासवर्ड आपण ठेवतो. त्यामुळे लहान भावंडांनी आणि भाच्यांनी काय पाहावे, याचा निम्मा निर्णय नकळत आपणच घेतलेला असतो. म्हणून हे पालकांना नव्हे, तुम्हाला लिहितो आहे.

माझ्या खालाच्या घरी नेटफ्लिक्सचे एक अकाउंट आणि पाच प्रोफाइल होते. खालू, खाला, भाईजान, आपा आणि आपाचा आठ वर्षांचा मुलगा. मुलाच्या प्रोफाइलवर 7+ ची मर्यादा घातलेली, म्हणून सगळे निर्धास्त. खालूंच्या प्रोफाइलचा Viewing Activity उघडून पाहिला, तर एका खूनखराब्याच्या मालिकेचे चार भाग दोन दिवसांत पाहिलेले दिसले. त्या दोन्ही दिवशी खालू गावी होते. मुलाची यादी मात्र कार्टूनांनी भरलेली, अगदी स्वच्छ.

गफलत अशी की मुलाचे प्रोफाइल बंदिस्त होते आणि मोठ्यांची चारही उघडी. आपल्या प्रोफाइलमधून बाहेर येऊन आजोबांच्या नावावर बोट ठेवायला आठ वर्षांच्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. पिन मुलाच्या प्रोफाइलला लावायचाच नसतो, तो मोठ्यांच्या प्रत्येक प्रोफाइलला लावायचा. चारपैकी एक जरी उघडे राहिले तरी बाकीच्या तीन पिनांचा उपयोग नाही.

हे काम ब्राउझरमधून netflix.com/account वर होते. तिथे प्रत्येक प्रोफाइल उघडून Profile Lock मध्ये चार आकडी पिन द्यायचा. मुख्य प्रोफाइलला पिन लावताना, नवे प्रोफाइल बनवायलाही पिन मागावा असा पर्याय दिसतो, तोही निवडा. नाहीतर जागा रिकामी असली तर मूल स्वतःच एक नवे, बिनकुलपाचे प्रोफाइल बनवते. आणि हे सगळे बदलायला अकाउंटचा पासवर्ड लागतो. तो घरातल्या सगळ्यांचा एकच मोबाइल नंबर असेल, तर पिनही मोबाइलचे शेवटचे चार आकडे असणार. खालाकडे तेच होते. दोन्ही बदलले.

आता 7+ म्हणजे काय? २०२१ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांत ओटीटीसाठी पाच वर्ग सांगितले आहेत: U, U/A 7+, U/A 13+, U/A 16+ आणि A. U/A 13+ पासून पुढे कुलपाची सोय द्यावी आणि A साठी वयाची खात्री करावी, असेही त्यांत आहे. हा वर्ग चित्रपटगृहातल्यासारखा सेन्सॉर बोर्ड देत नाही, ओटीटी कंपनी स्वतः ठरवते. शिवाय U/A 13+ चा अर्थ तेराखालच्यांना बंदी असा नाही. तेराखालच्या मुलाने ते मोठ्यांच्या मार्गदर्शनाखाली पाहावे, एवढाच आहे. म्हणून आकड्याशेजारी लिहिलेले कारण वाचा. शिवराळ भाषेमुळे आलेला 13+ आणि हिंसेमुळे आलेला 13+ यांत फरक आहे, आणि आपल्या मुलाला कशाची भीती वाटते हे कंपनीला ठाऊक नसते.

एक मुद्दा इथेच सांगून टाकतो. वर्ग वयाने ठरतात, मुलगा-मुलगी पाहून नाही. सतरा वर्षांच्या बहिणीला U/A 16+ पाहायला भावाकडे पिन मागावा लागत असेल आणि पंधरा वर्षांच्या भावाला तो पाठ असेल, तर त्या कुलपाचा मुलांच्या काळजीशी काही संबंध राहिला नाही. तिचे प्रोफाइल तिचे, पिनही तिचा.

खालाच्या घरातले खरे भगदाड मात्र दुसरीकडे होते. त्याच टीव्हीवर यूट्यूब होते, आणि तिथे कोणी काय टाकावे याला U/A चा शिक्का नसतो. यूट्यूबचा Restricted Mode त्या त्या उपकरणावर वेगळा लावावा लागतो. टीव्हीवर लावला म्हणून खालाच्या फोनवर लागत नाही. शिवाय तो चाळणीसारखा आहे, बरेच अडवतो, काही सोडतो. शाळकरी मुलासाठी फोनवर यूट्यूब किड्स बरे. त्यात मोठ्यांनी निवडलेले चॅनेलच दिसावेत अशी सोय आहे, आणि ती निवडली की शोधण्याची खिडकीच बंद होते. आपाने बसून बारा चॅनेल निवडले. पोराने पहिल्या दिवशी कुरकुर केली, दुसऱ्या दिवशी रेल्वे इंजिनांच्या एका चॅनेलची मागणी आणली. ते पाहून तेरावे झाले.

खालूंना पिन लक्षात राहत नाही, ही अडचण अजून आहे. ते आकडे त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवले होते. आता ती चिठ्ठी त्यांच्या पाकिटात आहे. Viewing Activity आपा महिन्यातून एकदा पाहते, मुलाचा नाही, खालूंचा.