कैरी विकून बाटली आणणाऱ्यांनो

दिवाळीला मेव्हण्याकडं जेवायला बसलो. त्याच्या बांधावर लोणच्याच्या आंब्याची तीन झाडं, आणि ताटात मात्र सुपर मार्केटच्या बाटलीतलं लोणचं! म्हणाला, "दाजी, कंपनीचं चांगलं असतंय, टिकतंय."

मी वाद घातला नाही. तालुक्याच्या बाजारात बसणाऱ्या मावशींकडनं अर्धा किलो आणलं आणि दोन्ही लोणची एका ताटलीत ठेवली. मावशींचं जूनमध्ये घातलेलं, तरी फोड दाताखाली करकरली, मोहरी नाकात चढली. बाटलीतली फोड मऊ, आंबटपणा नुसता घशाला लागणारा. कैरीचा वास शोधून सापडेना.

कारण सांगतो. लोणच्याची कैरी मिळते दोन महिने, कारखाना चालतो बारा महिने. म्हणून बऱ्याच ठिकाणी फोडी मिठाच्या पाण्यात पिंपांत भरून ठेवतात. लागतील तशा काढायच्या, धुवून जादा मीठ घालवायचं, मग मसाला लावायचा. त्या धुण्यात मिठाबरोबर कैरीचा आंबटपणा आणि वासही वाहून जातो. आंबटपणा परत आणायला ॲसिड घालतात. बाटलीवर २६० दिसलं तर ते ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं. २११ म्हणजे टिकवायला घातलेलं सोडियम बेंझोएट. दोन्हीला कायद्यानं परवानगी आहे, विष नाही ते. पण बाटलीवर छापलेली तारीख लोणचं भरल्याची असते, कैरी कधी फोडली ते कुणी छापत नाही. मग ताजं कशाला म्हणायचं?

मावशींचं गणित साधं. रोहिणीत, पाऊस पडायच्या आत कैरी घ्यायची, पुसून कोरडी करून फोडायची. किलोभर फोडीला पावशेराला थोडं कमी मीठ, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद, तिखट, आणि वर गार केलेलं तेल. टिकवायचं काम मीठ, तेल आणि कैरीचा स्वतःचा आंबटपणा करतो.

आता आपल्या माणसांचीही चूक सांगतो. दोन वर्षांमागं आमच्याच घरच्या बरणीला बुरशी आली. फोडी ओल्या राहिल्या होत्या, त्यात बीपी आहे म्हणून मीठ कमी केलं आणि तेल फोडींच्या वर आलं नाही. सगळं उकिरड्यावर गेलं. मीठ कमी करायचं तर लोणचं कमी खावं, बरणीतलं मीठ कमी करू नये. आणि विकणाऱ्यांनी घातल्याची तारीख, तेल कोणतं, हे चिठ्ठीवर लिहावं. नोंदणी नाही, तारीख नाही, आणि "घरगुती आहे हो" एवढ्यावर विश्वास मागायचा, हे चालणार नाही.

मेव्हणा आता म्हणतोय, कैरीला भाव नाही, झाडं तोडतो. अरे, कैरी घेणारी मावशी तालुक्यात बसलीय. तिचं लोणचं तूच घेत नाहीस, तर तिनं तुझी कैरी कुणाच्या जिवावर घ्यायची?