ज्याला चित्र दिसत नाही, त्याला आपण काय सांगतो?



लिंबागणेशच्या एका तरुण मित्राचा परवा फोन आला. तो जन्मापासून अंध आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आणि मोबाईलच्या टॉकबॅकवर माझे लेख ऐकतो. त्याने विचारलं, "सर, फुले, शाहू आणि बाबासाहेब एकत्र बसलेत ती बैठक कुठं झाली होती? गावातल्या भाषणात सांगायचंय."

मी गप्प झालो. अशी बैठक झालेलीच नाही. जोतीराव फुले 28 नोव्हेंबर 1890 ला गेले आणि बाबासाहेब 14 एप्रिल 1891 ला जन्मले. लेखावर टाकलेलं चित्र तीन वेगळ्या चित्रांतून जोडलेलं होतं आणि त्याला मी मजकूर दिला होता: "फुले, शाहू, आंबेडकर एकत्र बसलेले". हा मजकूर म्हणजे अल्ट टेक्स्ट. तो पानावर दिसत नाही, पण टॉकबॅक किंवा एनव्हीडीए चित्रापाशी आलं की तोच वाचून दाखवतं. म्हणजे त्या पोराला खोटा इतिहास मीच सांगितला होता.

यावर आपलेच कार्यकर्ते म्हणतात, "चित्र जोडलेलं आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं, त्यात काय सांगायचं?" कळतं ते कशावरून? एकाच्या चेहऱ्यावर प्रकाश डावीकडून, दुसऱ्याच्या उजवीकडून. एक चेहरा जुना धूसर, दुसरा कालच रंगवल्यासारखा. म्हणजे डोळ्यांवरून. ज्याला डोळे नाहीत त्याच्याकडे तुमचं एक वाक्य आहे, बाकी काही नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरात "काल्पनिक चित्र" छापलं तरी तेही चित्राचाच भाग. त्याच्यापर्यंत ते पोचतच नाही.

दुसरे म्हणतात, "हा श्रद्धेचा विषय आहे, चित्राला खोटं म्हणू नका." खोटं म्हणा असं मी म्हणतच नाही. नुसतं "बनावट फोटो" लिहिणं हाही अन्यायच, कारण मग चित्रात काय आहे ते कळत नाही आणि वर संशय तेवढा पेरला जातो. बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानलं आणि 1946 चं 'हू वेअर द शूद्राज?' हे पुस्तक त्यांना अर्पण केलं. त्यासाठी त्यांना शेजारी बसलेला फोटो लागला नाही. चित्र हे विचारांचं नातं दाखवतं, तर तसं सांगा ना!

मग मी मजकूर नव्याने लिहिला. पहिल्यांदा लिहिलं, "महात्मा फुले पागोटे घालून, मध्ये शाहू महाराज..." आणि शेवटी "हे जोडचित्र आहे". मित्राने लगेच पकडलं. टॉकबॅकवर माणूस अर्धं ऐकतो आणि बोट सरकवून पुढे जातो. मग शेवटचे शब्द कोण ऐकणार? म्हणून चित्र जोडलेलं आहे हे सर्वांत आधी आलं पाहिजे. "फोटो" हा शब्द मात्र गाळला, कारण तो शब्दच प्रसंग घडल्याचं सांगतो.

अडचण शाहू महाराजांची होती. "हे तिघे कधी भेटले नाहीत" असं सरसकट लिहिलं असतं तर उलटी चूक झाली असती. शाहू महाराज आणि बाबासाहेब भेटले होते. मार्च 1920 च्या माणगाव परिषदेला दोघे होते. म्हणून शेवटी असं केलं:

```
<img src="tighe.jpg" lang="mr" alt="तीन चित्रे जोडून केलेले काल्पनिक दृश्य: डावीकडे पागोटे घातलेले महात्मा फुले, मध्ये फेटा बांधलेले शाहू महाराज, उजवीकडे निळ्या सुटातील बाबासाहेब, एका ओळीत बसलेले.">
```

माणगावची आणि 1890-91 ची गोष्ट मी चित्राखालच्या ओळीत टाकली. ती डोळसांनाही वाचता यावी. मजकुरात दुहेरी अवतरणचिन्ह वापरू नका, alt तिथेच तुटतो आणि पुढचं ऐकूच येत नाही. आणि alt मुळीच नसेल तर काही वेळा फाईलचं नावच वाचलं जातं. IMG-WA0012 ऐकून कोणाला काय बोध होणार?

याला मर्यादाही आहे. तेच चित्र कोणी उतरवून व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलं की alt मागेच राहतो. म्हणून पाठवताना सोबत दोन ओळी टाईप कराव्या लागतात. कंटाळवाणं आहे, पण जयंतीच्या बॅनरला आपण चार दिवस घालवतो, दोन ओळींना चार मिनिटं नाहीत? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 42 इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर दिव्यांगांना वापरता येईल असा असावा, ही जबाबदारी सरकारवर टाकतं. सरकारला जाब विचारणाऱ्यांनी आपलं पान आधी तपासावं.

नवा मजकूर ऐकून मित्राचा पुन्हा फोन आला. "सर, खाली काही लिहिलंय का चित्रावर?" लिहिलं होतं, मोठ्या निळ्या अक्षरात "जय भीम". मी ते सोडून दिलं होतं. काल रात्री तेही जोडलं.